पाचशे रुपयांची लीड

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतली एक कंपनी डोळ्यांसमोर आणा. मसाले, चहापूड, फरसाण यांची पाकिटं भरून सील करणारी यंत्रं ती बनवते. पंचवीस-तीस माणसं, एका यंत्राची किंमत चार लाख. विक्रीला दोघे. मार्केटिंगला एक मुलगी आणि महिन्याच्या बोलीवर घेतलेली बाहेरची एजन्सी. कंपनी काल्पनिक आहे, पण तिच्यातलं भांडण चाकणपासून सातपूरपर्यंतच्या कुठल्याही मालकाला पाठ असेल. सोमवारच्या मीटिंगमध्ये मार्केटिंग म्हणतं, "आम्ही दोनशे लीड दिल्या, निम्म्यांना फोनही गेलेला नाही." विक्रीवाले म्हणतात, "सर, सगळ्या फालतू होत्या." मालक दोघांनाही थोडं थोडं झापतो आणि सगळे उठतात.

मजा अशी की दोघंही खरं बोलत असतात.

लीड म्हणजे ज्यानं आपल्या मालात रस दाखवला अशा माणसाचं नाव आणि नंबर. आपल्या कंपनीत मार्केटिंगचा महिन्याचा खर्च होता १ लाख. त्यातून ८० लीड यायच्या, म्हणजे एक लीड साडेबाराशे रुपयांना पडायची. मालकाला ते महाग वाटलं. त्यानं एजन्सीला सांगितलं की लीड पाचशेच्या आत आली पाहिजे. एजन्सीला यात काहीच अवघड नव्हतं. आधी वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये कोणता माल भरायचा, दिवसाला किती पाकिटं, कारखाना कुठे, यंत्र कधी हवं, असे चार प्रश्न होते. ते काढले आणि फेसबुकवर असा फॉर्म ठेवला, की ज्यात माणसाचं नाव नि नंबर त्याच्या खात्यातून आपोआप भरले जातात. बोट दोनदा टेकवलं की लीड तयार. पुढच्या महिन्यात त्याच लाखात २०० लीड आल्या. टार्गेट पूर्ण झालं आणि अहवालातला आलेख झकास दिसू लागला.

आता हे दोनशे लोक कोण होते? कुणाला दोन हजारांचं हातानं दाबायचं सीलर हवं होतं. कुणी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी प्रोजेक्टसाठी माहिती गोळा करत होता. कुणी घरगुती मसाल्यांचा धंदा काढावा का या विचारात होता, पण अजून बायकोलाही बोलला नव्हता. काहींना आपण फॉर्म भरला हेच आठवत नव्हतं. आधी ऐंशीतले चोवीस जण खरोखर यंत्र घेण्याच्या बेतात असायचे. आता दोनशेत तीस होते. म्हणजे खरी गिऱ्हाइकं सहानं वाढली आणि त्यांना शोधण्यासाठी करायचे फोन एकशे वीसनं वाढले.

विक्रीचे दोघे काही दिवसभर फोनला बसलेले नसतात. एक जण जुन्या ऑर्डरचे पैसे वसूल करायला सांगलीला गेलेला असतो, दुसरा कारखान्यात डेमो दाखवत असतो. पहिले पंधरा-वीस फोन वाया गेले की पुढच्या नंबरांवरचा विश्वास उडतो. मग ते आपल्या ओळखीच्या गिऱ्हाइकांकडे वळतात आणि यादी तशीच पडून राहते. या उशिराची किंमत मोठी असते. २०११ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये जेम्स ओल्डरॉइड आणि सहकाऱ्यांचा अमेरिकी कंपन्यांवरचा अभ्यास आला होता. इंटरनेटवरून आलेल्या चौकशीला तासाभरात संपर्क करणाऱ्या कंपन्यांना, त्याहून तासभर उशीर करणाऱ्यांच्या तुलनेत, निर्णय घेणाऱ्या माणसाशी कामाचं बोलणं होण्याची शक्यता जवळपास सातपट होती. हा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणणार नाही. पण इंडियामार्टसारख्या ठिकाणी एकच चौकशी अनेक विक्रेत्यांकडे जाते, त्यामुळे तिथे पहिल्या फोनचं महत्त्व कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आपल्या कंपनीत शेवट असा झाला: आधी ८० लीडमधून ४ ऑर्डरी मिळायच्या, आता २०० मधून ३ मिळाल्या. एका ऑर्डरीमागचा मार्केटिंगचा खर्च २५ हजारांवरून ३३ हजारांवर गेला. स्वस्त लीडनं ऑर्डर महाग केली. मार्केटिंगच्या कागदावर मात्र तो वर्षातला सर्वांत चांगला महिना होता.

दोष कुठे आहे हे ओळखायचं कसं? मालकानं यादीतले वीस नंबर स्वतः फिरवावेत. सीलरवाले आणि विद्यार्थीच भेटले तर फॉर्म सैल आहे. "हो, हवंय ना यंत्र, पण तुमच्याकडून कुणी फोनच केला नाही," असं चार-पाच जण म्हणाले तर गडबड विक्रीकडे आहे. एक्सेलच्या शेऱ्याच्या रकान्यात ओळीनं "फोन उचलला नाही" लिहिलेलं असेल तर जास्तच शंका घ्यावी.

दुसरं भांडण दराचं, आणि ते मला अधिक गंभीर वाटतं, कारण त्यावर मीटिंगमध्ये कुणी आवाज चढवत नाही. मार्केटिंगनं वर्षभर सांगितलेलं असतं की आमचं यंत्र चार लाखांचंच आहे, पण सर्व्हिस चोवीस तासांत. मार्चएंडला टार्गेटला एक यंत्र कमी पडतं आणि विक्रीवाला आठ टक्के सोडतो. त्याचं कमिशन समजा विक्रीच्या एक टक्का आहे. सवलत न देता त्याला ४,००० मिळाले असते, आता ३,६८० मिळतील. त्याच्या खिशातून गेले ३२० रुपये. कंपनीचे गेले ३२ हजार. यंत्रामागे वीस टक्के, म्हणजे ८० हजार नफा सुटत असेल, तर त्यातला चाळीस टक्के एका फोनवर संपला. विक्रीवाला बेइमान नाही. त्याला दिलेल्या हिशोबात त्यानं केलं ते शहाणपणाचंच होतं. पण फरसाणवाले एकमेकांना ओळखतात. पुढचा गिऱ्हाईक बोलणीच तीन लाख अडुसष्टपासून सुरू करतो, आणि वर्षभराच्या जाहिरातीला काही अर्थ उरत नाही.

म्हणून कमिशन विक्रीच्या रकमेऐवजी सुटलेल्या नफ्यावर, तेही पैसे बँकेत जमा झाल्यावर द्यावं. मग वरच्याच व्यवहारात विक्रीवाल्याचंही कमिशन चाळीस टक्क्यांनी घटतं, आणि आठ टक्के सोडण्याआधी तो गिऱ्हाइकाला सर्व्हिसबद्दल आणखी दहा मिनिटं सांगतो. अडचण एवढीच, की त्यासाठी नफा किती ते त्याला कळू द्यावं लागतं. बरेच मालक इथेच थबकतात.

लीडच्या बाबतीत, खरी लीड कशाला म्हणायचं हे दोघांनी बसून लिहून काढावं. माल, दिवसाची पाकिटं, गाव, यंत्र कधी हवं: एजन्सीनं काढून टाकलेले तेच चार प्रश्न. या चारांची उत्तरं असलेल्या लीडच मार्केटिंगच्या टार्गेटमध्ये धराव्यात, आणि त्यांना त्याच दिवशी फोन करणं विक्रीवर बंधनकारक असावं. नाकारलेल्या लीडपुढे कारण लिहावं.

सगळं टार्गेट ऑर्डरींवरच बांधावं, असंही कुणी सुचवील. चार लाखांचं यंत्र घ्यायला लोक दोन-तीन महिने लावतात. जूनची लीड सप्टेंबरात ऑर्डर होते, त्यामुळे त्याच महिन्याचे दोन आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. शिवाय गिऱ्हाइकानं यंत्र आधी प्रदर्शनातल्या स्टॉलवर पाहिलेलं असतं, मग मेहुण्याला विचारलेलं असतं, शेवटी फोन केलेला असतो थेट विक्रीवाल्याला. तो म्हणतो, "हा माझा कॉन्टॅक्ट." केवळ ऑर्डरींवर मोजलं तर स्टॉलचं भाडं सगळ्यात आधी कापलं जाईल. ते कापल्याचा परिणाम विक्रीला दोन-तीन तिमाहींनंतर जाणवतो, तोवर मार्केटिंगची मुलगी बहुधा दुसरीकडे रुजू झालेली असते.