एका डबीमागे १३३ रुपये

समजा, सांगलीत एका उद्योजिकेने कोरड्या त्वचेसाठी नवं मॉइश्चरायझर बाजारात आणलंय. डबी ५० ग्रॅमची, किंमत ४५० रुपये आणि जाहिरातीसाठी हाताशी तीस हजार. एवढ्या पैशांत नटीचा चेहरा मिळत नाही आणि पेपरातली मोठी जाहिरातही परवडत नाही. मग इन्स्टाग्रामवरच्या छोट्या इन्फ्लुएन्सर आठवतात. साधारण दहा हजार ते एक लाख फॉलोअर असलेल्यांना मायक्रो म्हणतात, त्याखालच्यांना नॅनो.

त्यांना मेसेज करण्याआधी डबीचा हिशोब मांडावा. इन्फ्लुएन्सरच्या कूपन कोडवर दहा टक्के सूट दिली की ग्राहक ४०५ रुपये देणार. त्यातले सुमारे ६२ रुपये १८ टक्के जीएसटीचे. डबी तयार करायला १४० लागले, कुरिअरला ६० आणि पैसे ऑनलाइन घेण्याचा खर्च दहाएक रुपये धरला, तर उरले १३३. (आकडे मानलेले आहेत, तुमचे स्वतःचे घाला.) म्हणजे तीस हजार वसूल व्हायला २२६ डब्या विकायला हव्यात. ‘बघू, नाव तर होईल’ म्हणत पैसे वाटणाऱ्यांनी हा आकडा कागदावर लिहून भिंतीला चिकटवावा.

आता माणसं कोण निवडायची? फॉलोअरचा आकडा शेवटी पाहा, आधी कमेंट वाचा. ‘नाइस डिअर’, ‘ऑसम’ आणि हृदयांची रांग, तीही प्रत्येक पोस्टखाली त्याच पंधरा-वीस जणींकडून, असं दिसलं तर त्या बहुधा एकमेकींच्या पोस्ट वर ढकलणाऱ्या इन्फ्लुएन्सरच असतात. ‘माझी स्किन तेलकट आहे, मला चालेल का?’, ‘सातारला कुठे मिळेल?’ असे प्रश्न येत असतील आणि ती बाई त्यांना नीट उत्तरं देत असेल, तर तिचे आठ हजार फॉलोअर दुसरीच्या ऐंशी हजारांपेक्षा कामाचे. गेल्या दोन महिन्यांत तिने किती क्रीमं ‘माझं सगळ्यात आवडतं’ म्हणून दाखवली तेही मोजा. दर आठवड्याला आवड बदलत असेल तर तुमची डबी त्या रांगेत पुढची.

यानंतर तिच्याकडे इन्साइट्सचं स्क्रीन रेकॉर्डिंग मागा. स्क्रीनशॉटमधले आकडे बदलता येतात, चालत्या रेकॉर्डिंगमधले बदलणं अवघड. त्यात बघणाऱ्यांची शहरं, वय आणि गेल्या ३० दिवसांत व्हिडिओ किती जणांपर्यंत पोचले, एवढं पुरे. मराठीत बोलणाऱ्या इन्फ्लुएन्सरचे बघे महाराष्ट्रातलेच असतील असं गृहीत धरू नका. एखादी रील कुठेतरी भलतीच चालते आणि फॉलोअर भलत्याच गावचे जमतात.

आपल्या उद्योजिकेने अशा दहा जणी निवडल्या आणि प्रत्येकीला दोन-दोन डब्या पाठवल्या. कुरिअर धरून माणशी ३४० रुपये, एकूण ३,४००. सोबत एकच अट: चार आठवडे वापरा, मग बोलू. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण महिना लागतो, त्यामुळे पार्सल उघडल्याच्या दिवशीच ‘कमाल रिझल्ट’ सांगणारी रील जाणत्या ग्राहकाला लगेच खोटी वाटते. कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस वाट पाहण्याची सूचनाही पार्सलमध्ये हवी. दहापैकी एकीला पुरळ उठलं तर तिचे आभार माना, काय झालं ते बारकाईने विचारा आणि तिच्याकडून रील करून घेऊ नका. आणि हे सगळं परवाना असलेल्या कारखान्यात बनलेल्या मालाचं. घरी ढवळलेलं क्रीम परवाना क्रमांक, बॅच आणि घटकांची यादी नसलेल्या डबीत भरून विकणं कायद्यात बसत नाही.

महिन्यानंतर सहा जणी तयार झाल्या. प्रत्येकीला एका रीलचे आणि दोन स्टोऱ्यांचे २,५०० रुपये ठरले. फुकट डबीच्या बदल्यात काम करणाऱ्या खूप भेटतात, पण पैसे दिले की तारीख पाळली जाते आणि गरज पडल्यास दुरुस्तीही मागता येते.

संवाद मात्र लिहून देऊ नका. पाठ केलेली वाक्यं ऐकताच कळतात. त्याऐवजी एका पानावर द्या: क्रीम कोणासाठी आहे, कोणासाठी नाही आणि काय बोलायचं नाही. ‘त्वचा मऊ राहते’, ‘ओलावा टिकतो’ हे चालतं. ‘एक्झिमा बरा होतो’ म्हटलं की ते सौंदर्यप्रसाधन उरत नाही, औषधाचा दावा होतो. ‘गोरेपणा येतो’ हे तर नकोच. सावळ्या त्वचेला कमी लेखणाऱ्या जाहिरातींना जाहिरात मानक परिषदेचे, म्हणजे ॲस्कीचे, २०१४ पासूनचे नियम मनाई करतात. ब्युटी फिल्टर लावून क्रीमचा परिणाम दाखवणं ही सरळ फसवणूक आहे.

जाहिरात आहे हे लपवायचं नाही. ॲस्कीचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम जून २०२१ पासून लागू आहेत आणि फुकट दिलेली डबीही त्यांत मोबदलाच ठरते. पंधरा सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओवर ‘जाहिरात’ची खूण किमान तीन सेकंद, दोन मिनिटांच्या आतल्या मोठ्या व्हिडिओवर एक-तृतीयांश वेळ दिसायला हवी. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि तो कंपनीलाही होतो. चुकीचं वाक्य इन्फ्लुएन्सरच्या तोंडून निघालं म्हणून तुमची सुटका नाही.

रील नंतर आपल्या जाहिरातीत वापरायची असेल तर परवानगी लेखी घ्या आणि मुदत लिहा. पैसे दिले म्हणजे हक्कांचा प्रश्न मिटला असं गृहीत धरू नका. सिनेमाचं गाणं जोडू नका, व्यावसायिक वापराची मुभा असलेलंच संगीत घ्या.

सहा जणींचे सहा वेगळे कोड. समजा त्यांवर ३१, २२, ९, ४, ३ आणि शून्य अशा ऑर्डरी आल्या. आपल्याकडे बऱ्याच जणी कोड विसरून थेट व्हॉट्सॲपवर ‘डबी हवी आहे’ असं कळवतात, म्हणून प्रत्येक ऑर्डरला ‘कुठे पाहिलंत?’ हे विचारायलाच हवं. कोड कूपनच्या वेबसाइटवर पोचला तर आकडा उगाच फुगतो. एखाद्या कोडवर रील येऊन महिना उलटल्यावर एकदम ऑर्डरी वाढल्या, तर तो शोध घ्या.

एकूण ६९ ऑर्डरी, खर्च १८,४००. एका ग्राहकामागे २६७ रुपये गेले आणि सुटले १३३. तोटा ९,२२३ रुपये. पहिल्या दोघींचा हिशोब वेगळा काढला तर फीच्या पाच हजारांत ५३ ऑर्डरी, म्हणजे माणशी ९४ रुपये. इथे उरलेले ११,६०० लगेच त्या दोघींवर लावायचा मोह होतो. थांबा. त्यांच्या बघ्यांपैकी घेणाऱ्यांनी बहुतेक घेतलं आहे, त्याच लोकांसमोर लगेच दुसरी रील कमी विकते.

रोज दोन वेळा लावलं तर ही डबी सहा-सात आठवडे पुरते. त्या सुमारास ६९ जणींना एक साधा मेसेज पाठवा. दुसरी डबी पूर्ण किमतीला जाते, त्यात इन्फ्लुएन्सर नाही की सूट नाही, म्हणून तीमागे सुमारे १७१ रुपये उरतात. तोटा भरून निघायला अशा ५४ डब्या पुऱ्या. पुढच्या काही महिन्यांत त्या जात असतील तर राखलेले पैसे त्या दोघींवर आणि त्यांच्यासारख्या नव्या दोघींवर लावा. जात नसतील तर दुसरी फेरी करू नका, आधी न परतलेल्या ग्राहकांना फोन करून कारण विचारा.