शाळेतून उशिराचं पत्र आलं, तर ते कसं वाचायचं

महाड आणि पोलादपूर तालुक्यातल्या आपल्या गटांच्या सभांमध्ये कर्ज, हप्ते, इतिवृत्त असं सगळं बोलून होतं आणि उठता उठता कुणीतरी पदराला बांधलेला कागद काढतं. "शाळेतून आलाय, काय लिहिलंय बघ गं." आज त्यातल्याच एका कागदाविषयी बोलते. मूल वारंवार उशिरा येतं म्हणून शाळा जे पत्र पाठवते, त्याविषयी.

आपल्याकडे या पत्राची पहिली अडचण म्हणजे ते पोचतं कसं. पत्रावर नाव असतं वडिलांचं आणि वडील असतात मुंबईला. घरात आई किंवा आजी. पत्र येतं मुलीच्याच हाती आणि घरात वाचता येणारी बहुतेक वेळा तीच. म्हणजे जिची तक्रार, तिनंच ती वाचून दाखवायची. मग एखादी ओळ गाळली जाते, एखादं पत्र दप्तराच्या तळाशी भिजून जातं. यात मुलीला बोलण्यासारखं काही नाही, तिच्या जागी आपण काय केलं असतं? म्हणून शाळेला एकदा सांगून ठेवा की पत्र आईच्या नावानं काढा आणि त्याचा फोटो घरातल्या किंवा शेजारच्या फोनवर टाका. आणि गटाच्या सभेत ते मोठ्यानं वाचायला देऊ नका. विश्वासाच्या एका बाईकडून बाजूला बसून वाचून घ्या. मुलीचं नाव वाडीभर होण्याची गरज नाही.

आता पत्रात काय असायला हवं ते पाहू. समजायला सोपं जावं म्हणून मी एक नमुना तयार केला आहे. सातवीतली मुलगी, वाडी डोंगराच्या अंगाला, शाळा खाली ४ किलोमीटरवर. शाळेचं पत्र असं:

"आपली मुलगी १६ जून ते १९ जुलै या काळात ११ वेळा उशिरा आली. तारखा: २१ व २८ जून, ५, ८, ९, १०, १२, १४, १५, १६ आणि १९ जुलै. शनिवारी ती साधारण २० मिनिटं आणि इतर दिवशी ३५ ते ४० मिनिटं उशिरा पोचली. इतर दिवशीचा पहिला तास गणिताचा असून या सहा दिवसांत तिचा बराच भाग बुडाला आहे. परिपाठ सकाळी १०.४० वाजता सुरू होतो, शनिवारी ७.३० वाजता. मुलगी त्याआधी शाळेत असावी अशी आमची अपेक्षा आहे. उशीर होणार असेल तर वर्गशिक्षकांना फोनवर कळवावे. मात्र उशीर झाला म्हणून तिला घरी ठेवू नये, उशिरा का होईना शाळेत पाठवावे. उशिराबद्दल तिला वर्गाबाहेर उभे केले जाणार नाही. कारण समजले तर शाळेला मदत करता येईल, म्हणून २५ जुलै रोजी सायंकाळी ५ वाजता भेटीस यावे. ही वेळ सोयीची नसल्यास कळवावे. बुडालेले गणित मधल्या सुट्टीनंतर घेतले जाईल. २१ ऑगस्टला आपण पुन्हा एकत्र बसून पाहू."

अशी पत्रं सगळीकडून येत नाहीत. बऱ्याचदा दोनच ओळी असतात, "आपला पाल्य वारंवार उशिरा येतो, दक्षता घ्यावी." पण असं दोन ओळींचं पत्र आलं तरी तुम्ही शाळेत जाऊन तारखा मागू शकता. सगळं तारखांवरच अवलंबून आहे. कसं ते सांगते.

नमुन्यातल्या ११ तारखा घरातल्या दिनदर्शिकेवर खुणा करून बघा. २१, २८, ५, १२, १९ हे पाचही शनिवार. राहिलेल्या सहा तारखा ८ ते १६ जुलैमधल्या, म्हणजे ऐन लावणीच्या. ११ वेळा उशीर म्हटलं की वाटतं, पोरगी आळशी झाली. तारखा मांडल्या की दिसतं, ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांचं औषधही वेगळं.

लावणीचं आधी घेऊ. आई सात वाजता शेतावर जाते. धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडायचं काम मुलीवर येतं. अंगणवाडी उघडते १० वाजता आणि वाडीवरून खाली जाणारी एसटी सुटते ९.५० ला. भावाला सोडलं की गाडी गेलेली, मग पायवाटेनं उतरत जायचं आणि पावसात साकवावरून जपून यायचं. शाळेत पोचायला सव्वाअकरा. म्हणजे उशीर पस्तीस मिनिटांचा दिसला, तरी अडलंय फक्त दहा मिनिटांवर. भावाला ९.४० ला कुणी हातात घेतलं की झालं. अंगणवाडीची मदतनीस वाडीतलीच असेल तर ती घेईल किंवा शेजारची आजी. गटातल्या दोघीतिघींची मुलं त्याच अंगणवाडीत असतील, तर लावणी संपेपर्यंत एकेकीनं आळीपाळीनं थांबायचं. यात शाळेनं करण्यासारखं फारसं नाही, हे आपल्याला घरी आणि वाडीतच सोडवायचं आहे. मुलीला पहाटे पाचला उठवून हे सुटणार नाही. ती उठतेच आहे.

शनिवारचं मात्र आपल्या हातात नाही. शनिवारी शाळा सकाळची, ७.३० ला परिपाठ. पहिली एसटी आगारातून वर येते, वळते आणि परत खाली जाताना मुलांना घेते, ती शाळेपाशी येते ७.५० ला. गाडी वाडीवर मुक्कामी असती तर पहाटेच खाली निघाली असती, पण मुक्काम नाही. दरड आली, रस्त्यावर झाड पडलं तर आणखी उशीर. आईनं कितीही धावपळ केली तरी ही वीस मिनिटं कमी होणार नाहीत. तेव्हा हा उशीर मुलीच्या नावावर मांडूच नये, असं आपण शाळेला स्पष्ट सांगायचं. शनिवारी त्या गाडीनं येणारी मुलं किती हे शाळेला ठाऊक असतं. चारपाच मुलं असतील तर मुख्याध्यापकांनी मुलांची संख्या आणि शाळेची वेळ घालून आगारप्रमुखांना पत्र द्यावं आणि त्याला ग्रामपंचायतीचा ठराव जोडावा. ग्रामसंघाचं पत्रही जोडता येतं. एका अर्जावर गाडीची वेळ बदलते असं नाही, एक गाडी सरकली की तिच्या पुढच्या फेऱ्या सरकतात, म्हणून आगार सहज हो म्हणत नाही. तोवर शाळेनं एवढं करावं, शनिवारचा पहिला अर्धा तास कवायतीला किंवा वाचनाला ठेवावा, गणित मागे घ्यावं.

भेटीला जाताना दोन गोष्टी विचारून या. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत असतो. तो मिळाला आहे का? पैसे नाहीत म्हणून गाडी सोडून चालत जाणारी मुलगी अजून भेटते आणि घरच्यांना वाटतं ती रेंगाळते. दुसरी गोष्ट अंतराची. शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा असावी असं ठरवलं आहे. तेवढ्यात शाळा नसेल तर जाण्यायेण्याची किंवा राहण्याची सोय सरकारनं बघायची आहे. आपली मुलगी ४ किलोमीटरवरून येते. तेव्हा मुख्याध्यापकांमार्फत पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अर्जाची पोच घ्या.

आता पत्रात काय नसावं तेही ऐका. "सुधारणा न झाल्यास नाव कमी करण्यात येईल" असं वाक्य कुठंकुठं असतं. त्याच कायद्याच्या कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, मुलाला शाळेतून काढता येत नाही. कलम १७ नुसार मारणं आणि मानसिक त्रास देणं दोन्हीला मनाई आहे. सगळ्यांदेखत अपमान होईल असं दारात उभं करणं मला तरी त्यातच धरावंसं वाटतं. नववी-दहावीला हे संरक्षण तसं लागू नाही आणि दहावीच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते, तेव्हा मोठ्या मुलांच्या पत्राकडे लवकर लक्ष द्या.

काही शाळा पालकांकडून हमीपत्र लिहून घेतात, "यापुढे उशीर होणार नाही." घाईत सही करू नका, अंगठाही नको. जे आपल्या हातात आहे तेवढंच लिहून द्या. आपल्या नमुन्यातल्या आईचं उत्तर असं होईल:

"पत्र मिळाले. ८ ते १६ जुलैचा उशीर लावणीमुळे झाला. धाकट्या मुलाला अंगणवाडीत सोडण्याची सोय केली आहे, सोमवारपासून मुलगी ९.५० च्या गाडीने येईल. शनिवारची गाडी ७.५० ला पोचते, त्यापूर्वी गाडी नाही. शनिवारचा उशीर धरू नये आणि आगाराला शाळेचे पत्र द्यावे ही विनंती. २५ तारखेला ५ वाजता शेतावरून येता येणार नाही, २७ तारखेला रविवार आहे, तेव्हा सोमवारी सकाळी ९ वाजता येते."

एवढं पुरे. दोन प्रती काढा, एकीवर शाळेची सही घेऊन ती घरी ठेवा.

मुलीशीही एकदा निवांत बोला, भेटीच्या आधी. तारखा जुळल्या तरी कारण वेगळं निघू शकतं. गाडीत कुणी त्रास देतं म्हणून ती मुद्दाम गाडी चुकवत असेल, पाळी आलेली असेल आणि शाळेतल्या संडासात पाणी नसेल, गणिताच्या तासाची भीती बसली असेल. रोजची गाडी वेळेवर, तरी मुलगी पहिला तास संपल्यावरच येते, असं दिसलं तर घड्याळाचं बोलणं बाजूला ठेवा आणि हे विचारा. सगळ्यांसमोर ती सांगणार नाही. भेटीत वर्गशिक्षिकेला दहा मिनिटं तिच्याशी एकटीनं बोलू द्या.

२१ ऑगस्टची तारीख सोडू नका. गणपतीच्या सुट्ट्यांआधी ती मुद्दाम धरली आहे, एकदा सुट्टी लागली की विषय दिवाळीपर्यंत जातो. त्या दिवशी पुन्हा तारखाच मागा. इतर दिवशीचा उशीर थांबलेला आणि शनिवारचा तसाच असेल, तर घरानं आपलं काम केलं आणि आगाराचं राहिलं. मग ते काम शाळा व्यवस्थापन समितीपुढे न्या. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. आपल्या गटातली कुणीतरी तिथं असतेच. समितीच्या इतिवृत्तात शनिवारच्या गाडीचा विषय तिच्याकडून लिहून घ्या आणि ठरावाची प्रत आगारात दुसऱ्यांदा द्या, पहिल्या अर्जाची पोच जोडून.