तासाभराची मुलाखत, सहा तासांचं लेखन

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जायला निघतात, आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. या टोळ्यांमधल्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ साली गाजला, राज्य सरकारने समिती नेमली आणि त्यानंतर अनेक संशोधक तिथे मुलाखती घेऊ लागले. असा एखादा अहवाल हाती आला की त्यात एक वाक्य हमखास सापडतं: ‘महिला आजारपणात उपचार लांबणीवर टाकतात.’ हे वाक्य लिहितो संशोधक. पण ते ज्या शब्दांवर उभं असतं ते शब्द बहुतेक वेळा एखाद्या इंटर्नने कानाला हेडफोन लावून, रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा मागे नेत टाइप केलेले असतात. समाजशास्त्राची किंवा समाजकार्याची पदवी घेतलेली, संस्थेत काही महिन्यांसाठी आलेली ही मुलं-मुली नेमकं काय करतात, आणि त्यांच्या हातून काय निसटू शकतं, ते या एकाच उदाहरणावरून पाहू.

मुलाखत टाइप करण्याच्या कामाला ट्रान्सक्रिप्शन म्हणतात. आवाज स्वच्छ असेल, तर तासाभराच्या मुलाखतीला साधारण चार ते सहा तास लागतात. कोपीबाहेर बसून घेतलेल्या मुलाखतीला त्याहून जास्त, कारण तिथे लहान मूल रडत असतं, मोबाइलची रिंग वाजते, शेजारीण मध्येच बोलते. जाणती इंटर्न आधी मुलाखत न थांबता एकदा पूर्ण ऐकते, कोण कोण बोलतंय ते ओळखते आणि मगच लिहायला बसते. दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा ऐकायचा, लिहायचा, पुन्हा ऐकून पडताळायचा. शब्द लागलाच नाही तर अंदाजाने भरायचा नाही. तिथे ‘[अस्पष्ट, १४:३२]’ अशी वेळ टाकून पुढे जायचं, म्हणजे टोळीची भाषा जाणणारं कुणीतरी नेमकी तेवढीच जागा ऐकू शकतं.

हे जाणणारं माणूस लागतंच. मुंबई-पुण्यात वाढलेल्या मुलीला कोयता म्हणजे हत्यार एवढंच ठाऊक असतं. टोळीत मात्र नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. ‘आमच्या घरातून दोन कोयते गेले’ म्हणजे चार माणसं गेली. कामावर न गेलेल्या दिवसाला खाडा म्हणतात आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम ती उचल. असे वीस-पंचवीस शब्द आधी लिहून इंटर्नच्या हातात दिले, तर निम्म्या चुका होतच नाहीत.

आता एक तुकडा जवळून पाहू. कुणाचीही खरी मुलाखत छापणं योग्य नाही, म्हणून हा नमुन्यादाखल मी रचला आहे. पण अशा मुलाखतींचा पोत असाच असतो.

मुलाखतकार: मग दवाखान्यात कधी गेलात?
बाई: दवाखान्यात... (४ सेकंद शांतता) मुकादमाला इचारलं. तो म्हणला खाडा पडन.
पुरुषाचा आवाज, थोडं लांबून: पट्टा पडायच्या आत जायचं नव्हतंच.
बाई: हां. पट्टा पडायच्या आत नव्हतं जायचं. (हळू) म्या कशाला जाते.

घाईत हाच तुकडा असा टाइप होतो: ‘मुकादम म्हणाला खाडा पडेल, म्हणून पट्टा पडायच्या आत दवाखान्यात जायचं नव्हतं.’ वाचायला सुबक, अर्थही बरोबर वाटतो. पण त्यातून काय काय गेलं ते पाहा. पट्ट्याचं कारण आधी पुरुषाने दिलं आणि बाईने ते त्याच्याच शब्दांत परत म्हटलं, हे गेलं. आता वाचणाऱ्याला ते बाईचंच मत वाटणार. प्रश्नानंतरची चार सेकंदं गेली. आणि शेवटचं ‘म्या कशाला जाते’ हे इंटर्नला प्रश्नासारखं वाटलं, पुढे उत्तर नव्हतं, म्हणून तिने ते गाळलं. खरं तर तिथे ती बाई मी गेलेच नाही असं सांगते आहे, आणि मला कोण जाऊ देणार हेही त्याच सुरात आहे. हा सूर कागदावर येत नाही. म्हणून तिथे कंसात ‘नकाराच्या सुरात’ एवढं लिहावं लागतं.

आवाजातला प्रत्येक चढउतार टिपायचा का? संभाषणाचाच अभ्यास करणारे तसं करतात. त्यांच्यासाठी अमेरिकेत गेल जेफरसन यांनी खुणांची सबंध पद्धत बसवली, तिच्यात श्वास आणि अडखळणंही मोजून लिहितात. आरोग्यावरच्या मुलाखतींना एवढं लागत नाही. इथे एक नियम मला पुरेसा वाटतो: जे गाळल्याने कोण बोललं, हो म्हटलं की नाही, आणि उत्तर सहज आलं की ओढून, यातलं काही बदलतं, ते गाळायचं नाही. ‘म्हंजे’, ‘असं बघा’ ही पालुपदं एकवेळ गेली तरी चालतील. ‘नाही’ मात्र कधीच जाता कामा नये. आपल्याकडे नकार क्रियापदाच्या मागे, वाक्याच्या टोकाला येतो, नेमका तिथेच आवाज खाली जातो, आणि ‘गेले नाही’चं ‘गेले’ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून पूर्ण झालेल्या लिखाणातली काही पानं दुसऱ्या कुणीतरी रेकॉर्डिंग लावून तपासायची असतात.

अनेक ठिकाणी इंटर्नला मराठी ऐकून थेट इंग्रजीत टाइप करायला सांगतात. वेळ वाचतो हे खरं, पण माझा याला ठाम विरोध आहे. मराठी मजकूरच राहिला नाही, तर पुढे शंका आल्यावर पडताळायचं कशाशी? आधी मराठीत, बोलीत जसं आहे तसं उतरवावं, भाषांतर त्यानंतर करावं.

लिहिलेल्या मजकुरातून नावं काढावी लागतात. बाईचं, मुकादमाचं, गावाचं, कारखान्याचं. त्या जागी ‘[मुकादम]’, ‘[कारखाना १]’ अशा खुणा येतात आणि खरी नावं कुठली, याची यादी वेगळ्या फाइलमध्ये कुलूपबंद राहते. एवढ्याने भागत नाही. ‘टोळीतली एकटी बारावी झालेली’ असं कुठे आलं असेल, तर टोळीतला कुणीही तिला ओळखेल. आणि ती मुकादमाबद्दल बोलली आहे, ज्याच्याकडून पुढच्या हंगामाची उचल घ्यायची आहे.

मग दुसरा टप्पा. मजकुराचे तुकडे पाडून प्रत्येकाला छोटं नाव द्यायचं, याला कोडिंग म्हणतात. वर दिलेल्या तुकड्याला ‘मुकादमाची परवानगी’, ‘खाड्याची भीती’, ‘नवऱ्याने दिलेलं उत्तर’, ‘दवाखान्यात न जाणं’ असे चार कोड लागू शकतात. एका वाक्याला दोन कोड लागले तरी हरकत नाही. यासाठी एनव्हिवो, अ‍ॅटलस यांसारखी सॉफ्टवेअर आहेत, टॅगेट हे फुकट मिळतं, आणि पंधरा मुलाखती असतील तर एक्सेलमध्येही भागतं. सॉफ्टवेअर फक्त तुकडे सांभाळतं. कोणत्या तुकड्याला काय म्हणायचं ते माणसालाच ठरवावं लागतं. नवी इंटर्न पुष्कळदा ‘कर्ज’ हा शब्द शोधते, आठ-दहा ठिकाणीच सापडतो, आणि कर्जाचा विषय फारसा आला नाही असं ती लिहून देते. बायका मात्र उचल म्हणालेल्या असतात, ‘पैसे अंगावर हायेत’ म्हणालेल्या असतात, ‘मागल्या सालचं फिटलं न्हाई’ म्हणालेल्या असतात. वाचल्याशिवाय हे हाती लागत नाही.

कोड पक्के आहेत का, हे पाहायला दोघी जणी तोच मजकूर वेगवेगळा वाचून खुणा करतात. समजा ५० तुकडे आहेत आणि प्रश्न एकच: इथे ‘उपचार लांबणीवर’ हा कोड लागतो का? दोघीही हो म्हणाल्या असे १५, दोघीही नाही म्हणाल्या असे २५, आणि उरलेल्या १० तुकड्यांवर मतभेद, प्रत्येकीने पाच जागी एकटीने हो म्हटलेलं. म्हणजे ४० जागी एकमत, ८० टक्के. पण दोघींनीही डोळे मिटून तेवढ्याच जागी हो म्हटलं असतं, तरी साधारण ५२ टक्के तुकड्यांवर योगायोगानेच जुळलं असतं. हा योगायोग वजा करून उरणाऱ्या एकमताचं माप जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडलं, त्याला कापा म्हणतात. इथे तो ०.५८ येतो. मध्यम, फार भरवशाचा नाही.

पण आकड्यापेक्षा ते दहा तुकडे उघडून वाचणं मला जास्त मोलाचं वाटतं. वाचल्यावर काय दिसावं? काही जागी बाई म्हणते दवाखाना दहा-बारा किलोमीटर लांब होता, वाहन नव्हतं. काही जागी दवाखाना जवळ होता, पण खाडा परवडत नव्हता. एकीने फक्त लांबच्या दवाखान्याला कोड लावला, दुसरीने फक्त पैशाच्या कारणाला. चूक कुणाचीच नाही, कोडची व्याख्याच सैल होती. मग एका कोडचे दोन होतात, ‘दवाखाना लांब’ आणि ‘सुट्टी महाग’, प्रत्येकापुढे कधी लावायचा आणि कधी नाही ते उदाहरणासह लिहिलं जातं, आणि आधी झालेल्या सगळ्या मुलाखतींना नव्याने कोड लावावे लागतात. हे कंटाळवाणं आहे आणि मुदत जवळ आली की हेच टाळलं जातं.

कोड एकत्र आणून त्यातून सूत्र काढायचं असतं. या कामाची सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांनी २००६ साली मांडली, आणि त्या एका गोष्टीवर बोट ठेवतात: ‘आरोग्य’ हे सूत्र नव्हे, तो नुसता विषय झाला. सूत्राने काहीतरी सांगायला हवं. आपल्या उदाहरणात ते असं होऊ शकतं: आजारी पडलेला दिवस या बायका दुखण्यात मोजत नाहीत, अंगावरच्या उचलीत मोजतात. असं वाक्य सुचलं की लगेच त्याच्या विरुद्ध जाणारी मुलाखत शोधायची. समजा एका बाईने हंगामातच चार दिवस विश्रांती घेतली होती, कारण तिचा मोठा मुलगा सोबत होता आणि त्याने तिची जागा भरून काढली. या मुलाखतीने सूत्र मोडत नाही, नेमकं होतं: अडचण येते ती कोयता अर्धा पडतो तेव्हा.

आता अहवालातलं ते सुरुवातीचं वाक्य पुन्हा वाचा. ‘महिला उपचार लांबणीवर टाकतात’ म्हटलं की उपाय सुचतो जनजागृतीचा. ‘एका खाड्याने उचल वाढते आणि परवानगी मुकादमाकडे असते’ म्हटलं की उपाय सुचतो आजारपणाच्या पगारी सुट्टीचा.

म्हणून संशोधन संस्थांना एक मागणं आहे. मुलाखतीच्या दर तासामागे ट्रान्सक्रिप्शनसाठी सहा तास अंदाजपत्रकातच धरा. इंटर्नला एक दिवस तरी फडावर न्या. मारहाणीच्या, गर्भपाताच्या मुलाखती सलग ऐकायला एकाच मुलीला बसवू नका. आणि ज्यांनी हे शब्द उतरवले आणि ज्यांनी त्यांना कोड लावले, त्यांची नावं अहवालाच्या पहिल्या पानावर छापा.