पुन्हा पुन्हा येणारा वारा

पहिला कवितासंग्रह काढायचा म्हणून जुन्या वह्या एकत्र केल्या की एक गोष्ट हमखास उघडकीला येते. एकेकटी वाचताना बरी वाटलेली कविता शेजारच्या कवितेची जुळी बहीण निघते. हिच्यात वारा आहे, तिच्यातही आहे. मन भरून आलंय, डोळ्यांत पाणी आहे, आणि बाहेर सांज झालेली आहे.

हे शब्द परत येतात त्याला भावनेइतकंच कारागिरीचं कारण असतं. ‘वारा’ लिहिलं की यमकाला तारा, धारा, किनारा, निवारा, शहारा अशी रांग तयारच असते. ‘मन’ म्हणजे दोन लघू अक्षरं. मात्रा कमी पडली की ओळीत कुठेही बसतं. ‘डोळे’ दोन गुरू. लिहिताना हात आधी सोयीच्या शब्दाकडे जातो आणि अनुभव मागून येऊन त्यात स्वतःला कोंबून घेतो. मुक्तछंदात यमकाचा दोष नाही, पण तिथे ‘जणू’, ‘नकळत’, ‘कुठेतरी’ आणि ‘खोल खोल’ ही मंडळी तळ ठोकून असतात.

आपली लकब आपल्याला वाचताना दिसत नाही. ती मोजावी लागते. संगणकावर शोधायला गेलं तर मराठी जरा फसवते. ‘वारा’ शोधलं तर ‘वाऱ्यावर’ सापडत नाही, आणि नुसतं ‘वार’ शोधलं तर रविवार आणि तलवारही हजर होतात. ‘पाऊस’ शोधणाऱ्याला ‘पावसात’ वेगळं शोधावं लागतं. ‘वाऱ्या’मधलं अर्धं र दोन तऱ्हांनी टाइप होतं, त्यामुळे दिसायला तोच असलेला शब्दही निसटू शकतो. त्यापेक्षा सगळं बाड छापून घ्यावं आणि रंगीत पेन्सिली घेऊन बसावं. एक रंग एका प्रतिमेला, शब्दाला नव्हे. अश्रू, आसवं, पापणीची ओल, भिजलेली उशी हे सगळं एकाच रंगात. पानं जमिनीवर मांडली की कुठला रंग माजलाय ते उभ्यानेच दिसतं.

इथे बहुतेक जण शब्दकोश उघडतात आणि अश्रूंच्या जागी आसवं घालतात. त्याने काही साधत नाही. रडणं तेच राहतं. विचारायचं ते असं की हा शब्द या ओळीत नेमकं कोणतं काम करतोय? एक उदाहरण रचून पाहू. आई गेल्यानंतर घर आवरण्याबद्दलच्या या दोन ओळी:

वारा सुटला, मन हे भरले
डोळ्यांमधुनी पाणी झरले

सोळा-सोळा मात्रा, यमक चोख. ‘हे’ मात्र केवळ मात्रा भरायला आलंय. वारा काय करतोय? काही नाही, वातावरण म्हणून उभा आहे. मन आणि पाणी मिळून एकच निरोप देतात: दुःख झालं. पण आई गेल्यावर कुणालाही दुःख होतंच, ते सांगायला कविता नको. म्हणून आता कवितेतून उठून त्या घरात जायचं. तिथे काय काय करावं लागलं होतं? गॅसचं कनेक्शन, बँकेचं खातं, रेशनकार्डावरून नाव कमी करणं. फडताळात मेतकुटाची बरणी, तिच्यावर आईने लिहिलेली चिठ्ठी. या यादीतल्या दोनच गोष्टी घेतल्या तर:

कार्डावरचे नाव उतरले
बरणीवरती अक्षर उरले

मात्रा तेवढ्याच. डोळे गेले, पाणी गेलं, आणि वारा गेला हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. थोर कविता झाली असा दावा नाही, पण या ओळी आता पावसावरच्या किंवा प्रेमावरच्या कवितेत उचलून ठेवता येत नाहीत. आधीच्या कुठेही चालल्या असत्या. हीच अदलाबदल करून पाहणं ही माझ्या मते सगळ्यांत भरवशाची परीक्षा आहे: शंका असलेली ओळ दुसऱ्या कवितेत ठेवायची, आणि तिथे ती सुखाने नांदली तर ती दोन्हीकडची नाही.

प्रत्येक पुनरुक्ती मात्र कापायची नसते. गझलेत रदीफ नियमानेच परत येते. तिथे कस लागतो तो प्रत्येक शेरात तिला नवा अर्थ देण्याचा. ग्रेस यांच्या १९६७ सालच्या पहिल्या संग्रहाचं नावच ‘संध्याकाळच्या कविता’. तिथे संध्याकाळ सवयीने टेकू म्हणून येत नाही; ती कवीची वस्तीची जागा आहे. तुमच्या बाडात एखादी प्रतिमा दर वेळी वेगळं काही करत असेल, तर तिला राहू द्यावं आणि आजूबाजूची गर्दी कमी करावी.

आणि एक सावधगिरी. बरणी जमली म्हटल्यावर पुढच्या कवितेत फडताळ येतं, मग पितळी डबा, मग आजीची पानाची चंची. वारा गेला आणि भांड्यांचं दुकान मांडलं गेलं. तेव्हा पेन्सिलींच्या डब्यात एक रंग कोरा ठेवलेला बरा.