रात्रीच्या ताटाचा नवा हिशेब

घरातल्या नोकरदार आईने रात्रीचे जेवण बदलायचे ठरवले, की घरच्यांसाठी चिठ्ठी लिहावी लागते. ती संध्याकाळी उशिरा घरी येते, तोवर कणीक कोणी मळायची आणि कुकरला काय लावायचे, हे दुसऱ्या कुणाला तरी ठरवावे लागते. चिठ्ठीमागचे कारण बहुतेकदा रक्ताच्या तपासणीत सापडते. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारे एचबीएवनसी 5.7 ते 6.4 टक्क्यांच्या दरम्यान आले, तर ती मधुमेहाच्या उंबरठ्यावरची अवस्था मानली जाते. 6.5 पासून पुढे मधुमेहच.

उदाहरण म्हणून चौघांचे घर घेऊ. आईचे वय 44 आणि एचबीएवनसी 6.1. घरात पती, बारा वर्षांचा मुलगा आणि मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेणारे सासरे. आजवर तिचे रात्रीचे ताट असे असे: तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, दीड वाटी भात आणि पातळ वरण. पोळी, भात, बटाटा ही नावे वेगळी असली, तरी तिन्हींत मुख्यतः पिष्टच असते. ढोबळ हिशेबाने या ताटातून सव्वाशे ग्रॅमच्या आसपास कर्बोदके पोटात जातात. भाजी चमचाभर आणि वरणात डाळ कमी, त्यामुळे रक्तातली साखर झपाट्याने चढते.

नव्या बेतात पोळी किंवा भात यांपैकी एकच. दोन फुलके, नाहीतर वाटीभर भात. सोबत दीड वाटी पालेभाजी किंवा दुधी, दोडका, गवार यांपैकी काही, वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ आणि काकडीची कोशिंबीर. कर्बोदके निम्म्यावर येतात, पण ताट रिकामे दिसत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनाची दिशाही हीच आहे. तिच्या 2000 कॅलरींच्या आदर्श ताटात दिवसाला 400 ग्रॅम भाज्या आणि 250 ग्रॅम धान्य आहे. मराठी घरातले प्रमाण साधारण याच्या उलट असते.

भाकरीबद्दल चिठ्ठीत वेगळी ओळ हवी. ज्वारीची भाकरी चांगली, म्हणून ती कितीही चालते, हा समज पक्का बसलेला आहे. पण फुलक्याला साधारण 25 ग्रॅम पीठ लागते, तर हातावर थापलेल्या जाड भाकरीला सहज त्याच्या दुप्पट. तीन फुलक्यांऐवजी दोन भाकऱ्या खाल्ल्या, तर पीठ वाढतेच. एकदा पीठ वजन करून भाकरी केली, की पुढे अंदाज येतो.

तेलासाठी वेगळे मोजमाप नको; महिन्याचा किराणा पाहिला तरी पुरे. त्याच ताटात वरून घेतलेल्या तेलातुपाचे प्रमाण दिवसाला माणशी 27 ग्रॅम आहे. चौघांचे महिन्याचे तेलतूप मिळून सव्वातीन किलोच्या आसपास होते. पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर फोडणीकडे पाहायला हवे.

बेत सगळ्यांसाठी एकच. वाढप मात्र प्रत्येकासाठी निराळे. चिठ्ठीतला हा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि नेमका तोच राहून जातो. वाढीच्या वयातल्या मुलाची पोळी आईच्या प्रमाणाने कमी करायची नाही. त्याला हवी तर तिसरी-चौथी मिळते आणि वर दूध. पतीला पोटाच्या घेरानुसार एखादा फुलका जास्त.

सासऱ्यांचे प्रकरण नाजूक. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. गोळीचा डोस तोच ठेवून रात्रीचा भात एकदम बंद केला, तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. हात थरथरणे, दरदरून घाम, बोलण्यात गोंधळ ही तिची लक्षणे. माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची. गिळता येत नसेल, तर तोंडात काही न घालता रुग्णालय गाठायचे. म्हणून चिठ्ठीत स्पष्ट लिहावे: ‘बाबांचे ताट डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायचे नाही.’ मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला डाळ-उसळ वाढवण्याआधीही हेच लागू.

बेत फसतोय हे ओळखणे अवघड नाही. जेवून दोन तासांनी हात फरसाणाच्या डब्याकडे जात असेल, तर बहुधा डाळ किंवा भाजी कमी पडते आहे. तिथे पोळी न वाढवता उसळ वाढवावी. आधी कोशिंबीर, भाजी आणि वरण, मग फुलका, या क्रमाने जेवल्यास साखर सावकाश चढते.

एचबीएवनसी पुन्हा तपासायचे ते तीन महिन्यांनी. तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात, त्यामुळे आधी तपासले तर जुन्या ताटाचाही हिशेब त्यात मिसळलेला असतो. तोपर्यंत चिठ्ठी फ्रिजवर राहते आणि नव्या आकड्यानुसार फुलक्यांची संख्या पुन्हा ठरते.