तलफेची पहिली वीस मिनिटे : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पैसे लावायची तलफ आली की बहुतेक जण दात आवळून बसतात. समोर मॅच चालू, हातात मोबाइल आणि मनात एकच घोकंपट्टी : आज नाही, आज नाही. दहा मिनिटांत पैसे लागलेले असतात. मग माणूस ठरवून टाकतो की आपल्यात मनोनिग्रहच नाही, आणि घरचेही तेच म्हणतात. खरे तर त्याने निवडलेली रीतच अशी होती की तिच्यात भलेभले हरतील. या पहिल्या काही मिनिटांसाठी तीन साध्या कृती आहेत : तलफ न दाबता तिच्याकडे पाहणे, निर्णय लांबवणे आणि लक्ष दुसरीकडे गुंतवणे. नावे ऐकलेली असतात, पण त्यांबद्दल काही गैरसमज इतके पक्के आहेत की त्यामुळे ही तंत्रे वापरूनही वाया जातात.

गैरसमज : पैसे लावल्याशिवाय ही तलफ जातच नाही, उलट वाढत जाते.

तलफ चढत असताना तसेच वाटते, कारण चढाच्या मध्यावर उभे राहून उतार दिसत नाही. अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे वॉशिंग्टन विद्यापीठात काम केलेले मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी व्यसन सुटल्यावर ते पुन्हा का लागते याचा आयुष्यभर अभ्यास केला. तलफ समुद्राच्या लाटेसारखी उठते, शिखराला जाते आणि कुणी काही केले नाही तरी फुटून ओसरते, हे त्यांनी लोकांना शिकवले. म्हणूनच या तंत्राला ‘अर्ज सर्फिंग’, म्हणजे तलफेच्या लाटेवर स्वार होणे, असे नाव पडले. प्रत्येकाची लाट सारख्याच लांबीची नसते. समुपदेशक साधारण वीस ते तीस मिनिटे धरून चालतात.

पण सिगारेट आणि सट्टा यांत एक मोठा फरक आहे, आणि तो सांगितला नाही तर हे तंत्र शिकवून उपयोग नाही. सिगारेटची तलफ आली तर ती एक लाट असते. सट्ट्यात लाटा बाहेरून पाठवल्या जातात. टॉस, पहिल्या सहा ओव्हरचे सेशन, विकेट पडल्यावर बदललेला भाव, मटक्यात ओपन निघाल्यावर क्लोजची वाट, आणि मधूनच बुकीचा मेसेज, ‘आयडीत पैसे टाकू का?’ पहिली लाट ओसरायच्या आत दुसरी अंगावर येते. मॅच पाहत पाहत तलफेवर स्वार होण्याचा प्रयत्न करणारा माणूस तास-दीड तास झुंजतो, दमतो आणि शेवटी पैसे लावतो. तंत्र फसले असे त्याला वाटते. प्रत्यक्षात त्याने बाहेरून येणारा पुरवठा बंदच केलेला नसतो.

म्हणून त्या तीन कृतींच्याही आधी करायची कृती डोक्याची नसून हाताची आहे. टीव्ही बंद करायचा, स्कोअर दाखवणारे सगळे बंद करायचे आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा किंवा सरळ कुणाच्या तरी हातात द्यायचा. नुसता उलटा करून शेजारी ठेवलेला मोबाइल पुरत नाही. हे साठ सेकंदांत व्हायला हवे, कारण या वेळी मनाशी चर्चा सुरू केली की बाजू नेहमी तलफेचीच वरचढ असते.

गैरसमज : लाटेवर स्वार होणे म्हणजे मन घट्ट करून तलफ घालवणे.

हे अगदी उलटे आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, असे सांगितल्यावर लोकांच्या मनात ते अस्वल पुन्हा पुन्हा आले, आणि बंदी उठल्यावर तर आणखी जास्त आले. ‘आज नाही, आज नाही’ हा जप त्याच जातीचा आहे. त्यात सट्ट्याचा विचार दर सेकंदाला ताजा होतो.

स्वार होताना करायचे ते असे. पाय जमिनीला टेकवून बसा. डोळे मिटायची सक्ती नाही. तलफ शरीरात नेमकी कुठे आहे ते शोधा : घसा कोरडा, छातीत घाई, पोटात पोकळी, अंगठ्यात सळसळ. एक जागा निवडा आणि तिथे काय होते आहे ते पाहा. गरम आहे का, आवळलेले आहे का, पसरते आहे की आकसते आहे? श्वास मुद्दाम बदलू नका, तो आत-बाहेर होतो आहे एवढे लक्षात असू द्या. तलफेला शून्य ते दहात आकडा द्या आणि दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा द्या. ‘आज रिकव्हरी नक्की आहे’ असा विचार आला तर त्याच्याशी वाद घालू नका; ‘रिकव्हरीचा विचार आला’ एवढीच नोंद करा. आकडा सहावरून आठवर गेला तरी काही बिघडलेले नाही, लाट अजून चढते आहे इतकेच.

इथे अपेक्षा बरोबर ठेवणे फार महत्त्वाचे आहे. सेरा बोवेन आणि मार्लट यांनी 2009 मध्ये धूम्रपान करणाऱ्या 123 विद्यार्थ्यांवर हे तंत्र तपासले. ज्यांना ते शिकवले त्यांची तलफ इतरांपेक्षा कमी झाली नव्हती, पण पुढच्या सात दिवसांत त्यांनी सिगारेटी कमी ओढल्या. तलफ असूनही हात न उचलणे, एवढेच या तंत्राचे यश. तलफ गेली नाही म्हणून कुणी निराश होत असेल, तर तो चुकीच्या गोष्टीचे मोजमाप करतो आहे.

शरीराकडे लक्ष दिल्यावर काही जणांची घाबरगुंडी उडते, छाती अधिकच धडधडते. त्यांनी हट्ट धरू नये, थेट लक्ष गुंतवण्याकडे वळावे.

गैरसमज : लक्ष कशातही गुंतवले तरी चालते.

तलफ बहुतेक वेळा चित्रांच्या रूपात येते : जिंकलेली रक्कम, स्क्रीनवर वाढलेला बॅलन्स, आपल्या आकड्याचा निकाल. डेव्हिड कव्हानाग, जॅकी अँड्रेड आणि जॉन मे या संशोधकांनी 2005 मध्ये मांडले की, अशी चित्रे मनात रंगत गेल्यामुळेच तलफ फुगते. मनातल्या चित्रांची जागा मर्यादित असते, तेव्हा तीच जागा दुसऱ्या दृश्य कामाने भरली तर तलफेला रंगवायला जागा उरत नाही. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 31 तरुणांपैकी 15 जणांना दैनंदिन जीवनात तीन मिनिटे टेट्रिस खेळायला दिले, तेव्हा तलफेची तीव्रता शंभरात सरासरी सत्तरवरून छप्पनवर आली. त्यात खाण्यापिण्यापासून मादक पदार्थांपर्यंतच्या तलफा होत्या. जुगारापुरताच तो अभ्यास नव्हता, पण तत्त्व इथेही लागू पडावे असे मला वाटते. चौदा गुणांची घट म्हणजे सुटका नव्हे; हात आवरायला मात्र ती पुष्कळदा पुरते.

याचा अर्थ रेडिओ ऐकणे किंवा रिकामे पडून राहणे फारसे कामाचे नाही. डोळे आणि हात दोन्ही गुंतले पाहिजेत. भाजी बारीक चिरणे, ठिपक्यांची रांगोळी, घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेचा नकाशा आठवून काढणे, मुलांचे जिगसॉ कोडे, असे काहीही चालेल. रील्स मात्र नकोत. त्यात स्कोअर येतो, जाहिरात येते, आणि मोबाइल पुन्हा हातात येतो ते वेगळेच. चक्र फिरवून नाणी जिंकायचे ‘फुकट’ खेळही नकोत.

गैरसमज : लांबवणे म्हणजे स्वतःची फसवणूक.

लांबवण्याचा शेवट कोण ठरवतो यावर सगळे अवलंबून आहे. ‘ही ओव्हर संपली की बघू’ यात शेवट खेळ ठरवतो, आणि खेळ नेमक्या सर्वांत उत्सुक क्षणी तुम्हाला परत बोलावतो. शेवट घड्याळाने ठरला पाहिजे : वीस मिनिटांचा गजर, आणि तो वाजेपर्यंत पैशाचा कोणताही निर्णय नाही. गजर वाजल्यावरही ओढ असेल तर आणखी वीस मिनिटे. ‘आयुष्यात कधीच नाही’ असे त्या क्षणी ठरवायची गरज नसते, म्हणूनच हे झेपते.

एक कल्पित संध्याकाळ घेऊ. नाशिकचा एक विक्री प्रतिनिधी, पगार कालच झालेला. परवाच्या मॅचमध्ये चार हजार गेलेत. पावणेआठला मेसेज येतो. तलफ सात. तो मेसेजला उत्तर देत नाही, टीव्ही बंद करतो, मोबाइल बायकोकडे देतो आणि म्हणतो, “साडेआठपर्यंत मागितला तरी देऊ नकोस.” ती कारण विचारत नाही, तसे त्यांचे आधीच ठरलेले आहे. ओट्यावरच्या घड्याळाला गजर लावतो. खुर्चीत बसून छातीतली घाई पाहतो. तीन मिनिटांनी आठ, सहा मिनिटांनी साडेआठ. इथे बहुतेक जण सोडतात. तो उठतो आणि मेथी निवडायला घेतो. बारा मिनिटांनी सहा. गजर वाजतो तेव्हा चार. मग शेजारच्या घरातून ‘सिक्स!’ अशी आरोळी येते आणि आकडा पुन्हा सहावर जातो. ही नवी लाट आहे, जुनी परत आलेली नाही, हे त्याला माहीत असल्याने तो हादरत नाही. चप्पल घालून मॅचचा आवाज न पोचणाऱ्या रस्त्याने चालायला निघतो.

त्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती. पगार झाल्या दिवशीच त्याने घरखर्च वगळून बाकीची रक्कम बायकोच्या खात्यात टाकली होती आणि यूपीआयची मर्यादा खाली आणली होती. असा अडथळा तलफ नसतानाच उभा करावा लागतो. तलफेच्या वेळी कुणी तो उभा करत नाही.

गैरसमज : शंभर रुपये लावून मोकळे व्हावे.

थोडक्यात : मोकळे होत नाही. केंब्रिज विद्यापीठात ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवले की, हातातोंडाशी येऊन हुकलेला डाव हाही हरलेलाच डाव असतो, तरी मेंदूतला जिंकण्याशी निगडित भाग तो जागा करतो आणि पुढे खेळायची इच्छा वाढवतो. शंभर रुपये जिंकले तर हुरूप येतो, थोडक्यात हुकले तर ओढ वाढते.

ही वीस मिनिटे कर्ज फेडत नाहीत, सावकाराचे फोन थांबवत नाहीत आणि व्यसनावरच्या उपचाराची जागा घेत नाहीत. तलफ दिवसातून अनेकदा येत असेल, उसनवारी वाढली असेल, किंवा हरल्यानंतर जगू नये असे वाटत असेल, तर एकट्याने लाटा मोजत बसू नये. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. फोन लावल्यावर आधी सगळा हिशेब मांडावा लागत नाही. ‘मला आत्ता पैसे लावायची फार ओढ होतेय, मी घरी एकटा आहे’ एवढे सांगितले तरी बोलणे सुरू होते.