एका कागदावर दोन भाषा

गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना सभासदांच्या हाती किमान १४ पूर्ण दिवस आधी पडावी लागते. मुंबई-पुण्यातल्या पुष्कळ संस्थांत ती मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघते. मजकूर तयार होतो, भाषांतर होते आणि मग सेक्रेटरींपुढे प्रश्न उभा राहतो: दोन्ही भाषा एकाच पानावर शेजारी-शेजारी लावायच्या, की मराठीचा कागद वेगळा आणि इंग्रजीचा वेगळा? बहुतेक वेळा याचे उत्तर सवयीने दिले जाते. खरे तर ते मोजून देता येते.

मोजायचे ते शब्द नव्हेत. मराठीत विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शब्दसंख्या इंग्रजीपेक्षा बहुधा कमीच भरते आणि मराठी मजकूर लहान आहे असा समज होतो. कागदावर मात्र उलटे दिसते. देवनागरीला शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय यांसाठी जागा लागते. त्यात १२ पॉइंटच्या इंग्रजीशेजारी बऱ्याच फॉन्टांतले १२ पॉइंटचे मराठी बारीक दिसते, म्हणून ते १३ पॉइंटचे करावे लागते. इंग्रजीच्या एका ओळीला साधारण साडेचौदा पॉइंट उंची पुरते, मराठीच्या ओळीला एकोणीसच्या आसपास लागते. म्हणजे दोन्हीकडे ओळी सारख्या भरल्या तरी मराठीचा परिच्छेद जवळजवळ तीस टक्क्यांनी उंच होतो. म्हणून दोन्ही मजकूर ज्या रुंदीत छापायचे त्याच रुंदीत ओतून बघावेत आणि उंची पट्टीने मोजावी.

नेहमीची सूचना घेऊ. ए-फोर कागद २१० मिलिमीटर रुंद असतो. दोन्ही बाजूंना वीस-वीस मिलिमीटर समास सोडला आणि मधे आठ मिलिमीटरची मोकळी पट्टी ठेवली, की प्रत्येक भाषेच्या वाट्याला ८१ मिलिमीटरचा रकाना येतो. ‘मागील वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’ हा विषय या रकान्यात दोन ओळींत बसतो, त्याचे इंग्रजीही दोनच ओळींत. ताळेबंद स्वीकारणे, लेखापरीक्षकाची नेमणूक, अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय, हे सगळे असेच. आता विषय क्रमांक सहा येतो, लिफ्ट बदलण्याचा. त्यात आलेली दरपत्रके, अंदाजे खर्च, सिंकिंग फंडातून किती रक्कम काढायची आणि उरलेली सभासदांकडून कशी घ्यायची, हे सगळे समजावून सांगितलेले. वास्तुविशारदाने इंग्रजीत लिहिलेली टीप चौदा ओळींची आहे. मराठीत सिंकिंग फंड म्हणजे काय, तो कशासाठी वापरता येतो, हेही सांगावे लागले आणि मजकूर तेवीस ओळींवर गेला. शेजारी-शेजारी लावला तर इंग्रजीच्या बाजूला तळहाताएवढी पांढरी जागा उरते. ती भरण्यासाठी इंग्रजीचा पुढचा विषय वर ओढला, की विषय सातचे इंग्रजी विषय सहाच्या मराठीसमोर येते. मग शेजारी-शेजारी लावण्याचा हेतूच संपला.

हेतू असतो तुलनेचा. कॅनडाचे केंद्रीय कायदे इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन रकान्यांत छापलेले असतात. दोन्ही पाठ कायद्याने सारखेच अधिकृत असल्यामुळे कलमासमोर कलम दिसणे तिथे गरजेचे आहे, आणि एका भाषेचे कलम आधी संपले तर खालची जागा सरळ रिकामी सोडतात. युरोपीय संघाला इतक्या भाषा आहेत की शेजारी लावणे अशक्यच. त्यांच्या राजपत्राच्या आवृत्त्या भाषेगणिक वेगळ्या, पण वर्षानुवर्षे एक शिस्त पाळली गेली: तोच मजकूर प्रत्येक भाषेत त्याच क्रमांकाच्या पानावर यायचा. पाठ वेगळे केले तरी तुलनेचा धागा सोडायचा नाही, हे त्यातून घेण्यासारखे आहे.

आपल्या सूचनेचा निर्णय मी असा करीन. विषयपत्रिका, म्हणजे क्रमांक घातलेले छोटे विषय, शेजारी-शेजारी. लिफ्टची टीप मात्र विषयपत्रिकेतून बाहेर काढून तिचे दोन स्वतंत्र कागद, एक मराठी, एक इंग्रजी. विषय सहापाशी दोन्ही भाषांत एवढेच: ‘लिफ्ट बदलण्याबाबत विचार करून निर्णय घेणे (टीप सोबत जोडली आहे)’. टिपेतल्या परिच्छेदांना दोन्ही भाषांत तेच क्रमांक द्यायचे, म्हणजे सभेत कोणी ‘परिच्छेद तीन बघा’ म्हणाले तर सगळे एकाच जागी पोहोचतात. एका भाषेचा मजकूर दुसऱ्यापेक्षा एक-तृतीयांशाहून उंच होऊ लागला की मी वेगळ्या कागदाकडे वळतो. त्याच्या आत असेल तर रकाने समान ठेवण्याचा हट्टही नको. मराठीला ९० मिलिमीटर आणि इंग्रजीला ७२ दिले तरी डोळ्यांना खटकत नाही. अक्षर मात्र दोन्हीकडे दिसायला सारखे हवे. दुकानांच्या पाट्यांवर मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान नसावे, असा महाराष्ट्रात कायदाच आहे. सभेच्या सूचनेला तो लागू नाही, पण जागा पुरत नाही म्हणून मराठी बारीक करणे इथेही गैरच.

रकाने कसे करायचे यात सगळ्यात जास्त फसगत होते. वर्डमधले `Columns` वर्तमानपत्रासाठी आहेत. त्यात डावा रकाना भरला की मजकूर उजवीकडे वाहत जातो, आणि मराठीत एक ओळ वाढली की पुढचे सगळे इंग्रजी खाली घसरते. त्याऐवजी दोन स्तंभांचे `Table` घ्यावे, प्रत्येक विषयाला एक आडवी ओळ द्यावी, रेघा अदृश्य कराव्यात. मराठीचा विषय लांबला तर ती ओळ उंच होते आणि दोन्ही भाषांचा पुढचा विषय पुन्हा एकाच पातळीवर सुरू होतो. `Allow row to break across pages` ही खूण काढून टाकली की विषय अर्धा या पानावर, अर्धा त्या पानावर असे होत नाही. दोन्ही भाषांच्या ओळी जुळाव्यात म्हणून काही जण ओळीची उंची `Exactly` ने कमी करतात. छापल्यावर रफार आणि मात्रांचे डोके उडालेले दिसले, तर कारण हेच. मराठी रकान्याच्या दोन्ही कडा सरळ करण्याचाही मोह टाळावा. ‘कार्यकारिणीच्या’, ‘पुनर्विकासासंबंधी’ असे शब्द अरुंद रकान्यात मोडत नाहीत, ते अख्खे खाली उतरतात आणि वरच्या ओळीत शब्दांमधे भगदाडे पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी, हे बरे.

सूचना व्हॉट्सॲपवर जाणार असेल तर हिशेब बदलतो. २१० मिलिमीटरचे पान सत्तरेक मिलिमीटरच्या पडद्यावर आले की १२ पॉइंटचे अक्षर चार पॉइंटचे होते. दोन रकान्यांची सूचना मग बोटांनी ताणून, डावी-उजवीकडे सरकवत वाचावी लागते आणि ज्येष्ठ सभासद ती सोडून देतात. फोनसाठी मराठीची आणि इंग्रजीची पीडीएफ वेगळी करावी, ए-फाइव्ह आकारात, एकाच रकान्यात, १४ पॉइंटमध्ये. डोळ्यांनी अधू सभासद स्क्रीन रीडरवर ऐकतात. कोष्टकात त्यांना एक विषय मराठीत, लगेच तोच इंग्रजीत असे आलटून पालटून ऐकावे लागते. त्यांनाही वेगळी फाइलच सोयीची.

वेगळ्या पाठांचा धोका एकच, पण मोठा. ऐनवेळी सभेची वेळ बदलते, मराठीत दुरुस्त होते आणि इंग्रजीत जुनीच राहते. शेजारी असताना असा फरक लगेच नजरेत येतो, वेगळ्या कागदांवर येत नाही. म्हणून पाठवण्याआधी दोन्ही प्रती घेऊन दोघांनी बसावे. एकाने मराठीतल्या तारखा, वेळा, रकमा आणि विषयक्रमांक मोठ्याने वाचावेत, दुसऱ्याने इंग्रजीत खूण करावी. तळाशी दोन्ही भाषांत एक ओळ घालावी: ‘दोन पाठांत फरक आढळल्यास मराठी पाठ ग्राह्य धरावा’, किंवा समितीने ठरवले असेल तर इंग्रजी. ही ओळ नसेल आणि रकमेत फरक राहिला, तर सभेचा पहिला अर्धा तास त्याच वादात जातो.

यंदाची सूचना पाठवून झाली की हे कोष्टक रिकामे करून नमुना म्हणून जपून ठेवा आणि पुढच्या सेक्रेटरींच्या हवाली करा.